एकोणीस किलोहर्ट्झची रेघ

एफएम प्रसारणात वाहक लहरीची वारंवारता जास्तीत जास्त 75 किलोहर्ट्झ इकडे किंवा तिकडे हलते, हे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. दोन मार्कांचा प्रश्न असतो, उत्तर लिहून होतं, आकडा विसरला जातो. लॅपटॉप, पायथन आणि एक स्वस्तातला रिसीव्हर एवढ्या सामानात करता येण्याजोगं एक प्रोजेक्ट असं आहे, की त्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय याच 75 वर येऊन अडतो. रेडिओ केंद्राचा सिग्नल हवेतून घ्यायचा, त्याचा आवाज आपल्या हाताने सोडवायचा आणि मग त्याच केंद्राला गज समजून आपला रिसीव्हर मोजायचा, असं हे प्रोजेक्ट. यातला आवाज ऐकू येण्याचा भाग मला दुय्यम वाटतो. फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर एका क्लिकवर गाणी ऐकवतं, तेवढंच दाखवलं तर समोरचा एक्स्टर्नल "मग तुम्ही काय केलंत?" असं विचारणार आणि त्याचं काही चुकणार नाही.

आधी रिसीव्हरबद्दल. पेनड्राइव्हएवढं हे डोंगल मुळात परदेशातल्या डिजिटल टीव्हीसाठी बनलं. त्यात रियलटेक कंपनीची आरटीएल2832यू ही चिप असते. दूरदर्शनने आपल्याकडे डिजिटल प्रसारणासाठी त्यापुढची डीव्हीबी-टी2 ही पद्धत घेतली, त्यामुळे टीव्ही पाहायला हे डोंगल इथे निरुपयोगीच. पण त्यात एफएम ऐकण्याची जास्तीची सोय होती आणि ती देताना चिप काटकसर करत होती: रेडिओ सोडवण्याचं काम स्वतः न करता कच्चे सॅम्पल थेट कॉम्प्युटरकडे पाठवून देत होती. 2012 मध्ये लिनक्सवर काम करणाऱ्या आंती पालोसारी यांच्या हे लक्षात आलं आणि ऑस्मोकॉम या गटातल्या मंडळींनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. तेव्हापासून हे डोंगल आरटीएल-एसडीआर या नावाने ओळखलं जातं. सोबत आर820टी जातीचा ट्यूनर असेल तर साधारण 24 ते 1700 मेगाहर्ट्झपर्यंतचं ते ऐकू शकतं. ऐकू शकतं, बोलू शकत नाही. प्रक्षेपण करण्याची सोयच त्यात नाही. ऐकायचं तेही सर्वांसाठी प्रसारित होणारं. दुसऱ्यांचं खासगी किंवा सरकारी संभाषण पकडणं हा कायद्याचा मामला होतो, प्रोजेक्टमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नये.

डोंगल लावल्यावर पहिली अडचण रेडिओची नसतेच, ड्रायव्हरची असते. लिनक्स या डोंगलला टीव्ही समजून आधीच ताब्यात घेतं आणि आपला प्रोग्रॅम `usb_claim_interface error -6` असं म्हणून थांबतो. तेव्हा `sudo rmmod dvb_usb_rtl28xxu` या कमांडने तो टीव्हीचा ड्रायव्हर काढायचा. विंडोजवर Zadig नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून WinUSB ड्रायव्हर बसवावा लागतो. अर्धा वर्ग इथेच हताश होतो, म्हणून हे आधी सांगितलं.

दुसरं, सुरुवातीलाच थेट चालणारा रेडिओ बनवायला जाऊ नये. थेट कामात वेग, बफर, आवाजाचं कार्ड अशा भलत्या गोष्टींशी झुंजावं लागतं आणि सिग्नल बाजूला राहतो. त्यापेक्षा दहा सेकंद रेकॉर्ड करून घ्यावेत आणि सगळं काम त्या फाइलवर करावं. फाइल प्रत्येक वेळी तीच असते, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली की फरक त्या ओळीमुळेच पडला हे कळतं. वर्गात एकच डोंगल असलं तरी चालतं; फाइल सगळ्यांना देता येते.

मुंबई आणि पुणे दोन्ही शहरांत 98.3 मेगाहर्ट्झवर केंद्र आहे, तेच उदाहरण घेऊ. कमांड अशी:

```
rtl_sdr -f 98000000 -s 1200000 -g 20 -n 12000000 fm.bin
```

सेकंदाला 12 लाख सॅम्पल, दहा सेकंद, म्हणजे 1 कोटी 20 लाख सॅम्पल. एका सॅम्पलचे दोन बाइट, म्हणून फाइल बरोबर 24,000,000 बाइटची झाली पाहिजे. नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. केंद्र 98.3 वर असताना ट्यूनर 98.0 वर का लावला, असं इथे कोणीही विचारेल. एक कारण असं, की या स्वस्त रिसीव्हरमध्ये पट्ट्याच्या बरोबर मधोमध एक खोटा उंचवटा येऊ शकतो. केंद्र मधोमध ठेवलं तर तो त्याच्याच अंगावर बसतो. दुसरं कारण थोड्या वेळाने येईल, ते जास्त मजेचं आहे.

एका सॅम्पलला दोन बाइट का, हे समजलं की निम्मं प्रोजेक्ट समजलं. साध्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये एका क्षणाला एकच आकडा असतो. इथे दोन असतात, आय आणि क्यू. आलेखाच्या आडव्या अक्षावर आय आणि उभ्या अक्षावर क्यू घेतला, की मध्यापासून त्या बिंदूपर्यंत घड्याळाचा काटा काढल्यासारखं चित्र होतं. काट्याची लांबी म्हणजे त्या क्षणी सिग्नल किती जोरात आहे, आणि काट्याचा कोन म्हणजे त्याची फेज. ट्यूनर लावला त्याच वारंवारतेवर केंद्र असेल तर काटा जागेवर उभा राहतो. केंद्र थोडं वर असेल तर काटा एका दिशेने फिरतो, खाली असेल तर उलट फिरतो. एक आकडा असता तर तो कोणत्या दिशेने फिरतोय हे कळलंच नसतं. पायथनमधली 'कॉम्प्लेक्स' संख्या म्हणजे हाच काटा.

```python
import numpy as np
from scipy.signal import resample_poly, firwin, lfilter
import matplotlib.pyplot as plt

b = np.fromfile("fm.bin", dtype=np.uint8)
f = b.astype(np.float32) - 127.5
x = f[0::2] + 1j * f[1::2]
```

127.5 वजा करायचं कारण, डोंगल ऋण आकडे पाठवत नाही. 0 ते 255 पाठवतं आणि शून्य मधोमध धरतं. इथे थांबून `b` चा हिस्टोग्राम काढून पाहावा. मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेला ढीग दिसला तर ठीक. 0 आणि 255 या दोन टोकांवर खांब उभे राहिले असतील तर गेन जास्त झाला, सिग्नल कापला गेला. सगळे आकडे 125 ते 130 मध्येच घुटमळत असतील तर गेन कमी पडला. 256 पायऱ्यांपैकी पाच-सहाच वापरल्या जात आहेत. आठ बिटांचा रिसीव्हर मुळातच गरीब, त्याच्या पायऱ्या वाया घालवणं परवडत नाही. तरीही शहरात बहुतेकांची चूक उलटी होते. मनोरा जवळ असतो आणि मुलं गेन पार वर नेऊन ठेवतात. मग जिथे कोणतंही केंद्र नाही तिथेही गाणी ऐकू येऊ लागतात, कारण रिसीव्हरच्या पोटात दोन-तीन जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळून तिसरीकडे उगवतात. खरं-खोटं ओळखायची रीत सोपी आहे. गेन साधारण 10 डेसिबलने उतरवावा. खरं केंद्र तेवढंच खाली येतं, खोटं त्याहून कितीतरी जास्त कोसळतं.

अँटेनाबद्दल एकच गोष्ट. 98.3 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3.05 मीटर, तिचा चौथा हिस्सा सुमारे 76 सेंटीमीटर. डोंगलबरोबर येणारी वीतभर काडी यासाठी फार आखूड आहे. तेवढ्या लांबीची तार उभी बांधली आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला, तर बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

आता पट्टा डोळ्यांनी पाहू:

```python
plt.psd(x[:1200000], NFFT=4096, Fs=1.2e6, Fc=98.0e6)
plt.show()
```

97.4 ते 98.6 मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो आणि त्यात 98.3 भोवती सुमारे दोनशे किलोहर्ट्झ रुंदीचा एक डोंगर. शेजारी दुसरं केंद्र बहुधा दिसणार नाही, कारण आपल्याकडे एकाच शहरातल्या केंद्रांत साधारण 800 किलोहर्ट्झचं अंतर ठेवलेलं असतं. हा डोंगर मधोमध आणायचा आहे, म्हणजे 300 किलोहर्ट्झने डावीकडे सरकवायचा. ट्यूनर 98.0 वर ठेवण्याचं दुसरं कारण इथे येतं. सॅम्पलचा वेग 1200 किलोहर्ट्झ आणि सरकवायचं 300, म्हणजे बरोबर चतुर्थांश. तेव्हा प्रत्येक सॅम्पलला काटा 90 अंश मागे फिरवायचा, एवढंच काम उरतं. साइन-कोसाइन मोजायला नकोत. चार आकडे पुन्हा पुन्हा वापरायचे. चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर हा फरक चांगलाच जाणवतो.

```python
r = np.array([1, -1j, -1, 1j], dtype=np.complex64)
x = x * np.tile(r, len(x) // 4)
y = resample_poly(x, 1, 5)
```

शेवटची ओळ सॅम्पलचा वेग पाचपट कमी करते, 1200 वरून 240 किलोहर्ट्झवर आणते. पाचपटच का? आणि सरळ `x[::5]` लिहून दर पाचवा सॅम्पल का घेऊ नये?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. `resample_poly` सॅम्पल गाळण्याआधी फिल्टर लावतं आणि केंद्राच्या डोंगराबाहेरचं सगळं काढून टाकतं. फिल्टर न लावता गाळलं तर 1200 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेला गोंगाट घडी पडून 240 च्या पट्ट्यात येऊन बसतो. पाच घड्या, पाचपट गोंगाट, म्हणजे सुमारे 7 डेसिबल. जोरदार केंद्रावर ही चूक लक्षातही येत नाही, कारण एफएमला थोडा गोंगाट पचतो. दूरच्या, अशक्त केंद्रावर मात्र आवाजाच्या जागी खरखर येते आणि विद्यार्थी अँटेनाला दोष देत बसतो.

पाचपटच का, याचं उत्तर म्हणजे ते 75 किलोहर्ट्झ. एफएममध्ये आवाज काट्याच्या लांबीत नसतो, फिरण्याच्या वेगात असतो. गायकाने आवाज चढवला की काटा झरझर फिरतो, थांबला की मंदावतो. म्हणून आवाज सोडवायचा म्हणजे लागोपाठच्या दोन सॅम्पलमध्ये काटा किती अंश फिरला ते मोजायचं. सगळं डिमॉड्युलेशन एका ओळीत मावतं:

```python
d = np.angle(y[1:] * np.conj(y[:-1])) * 240000 / (2 * np.pi)
```

पुढच्या काट्याला मागच्या काट्याच्या उलट प्रतिमेने गुणलं की दोघांच्या कोनांतला फरक मिळतो. शेवटच्या गुणाकाराने तो फरक थेट हर्ट्झमध्ये येतो. आता हिशोब करा. सेकंदाला 240 हजार सॅम्पल आणि वारंवारता जास्तीत जास्त 75 हजार हर्ट्झने सरकलेली; म्हणजे दोन सॅम्पलमध्ये काटा फार तर 360 गुणिले 75 भागिले 240, इतका फिरेल. उत्तर येतं 112.5 अंश. हे 180 च्या आत आहे, म्हणून काटा कोणत्या बाजूने फिरला याबद्दल शंका राहत नाही.

एका गटाने दहापट गाळून 120 किलोहर्ट्झवर काम केलं होतं. कॉम्प्युटर जुना, काम लवकर व्हावं हा हेतू. "सर, निवेदिका बोलते तेव्हा बरं येतं, गाणं सुरू झालं की आवाज फाटतो," अशी त्यांची तक्रार होती. फाइल ठीक होती, गेन ठीक होता. मग त्यांना वरचाच हिशोब 120 घेऊन करायला सांगितला. 225 अंश आले. काटा 225 अंश पुढे गेला काय किंवा 135 अंश मागे आला काय, दोन सॅम्पलवरून सारखंच दिसतं आणि `np.angle` नेहमी जवळचं उत्तर देतं. म्हणजे जिथे आवाज सगळ्यात मोठा, नेमका तिथेच आकडा उलट्या चिन्हाचा. शिवाय एवढ्या अरुंद पट्ट्यात फिल्टर सिग्नलच्या कडा कापतो ते वेगळंच. हळू बोलताना वारंवारता फारशी सरकत नाही, म्हणून बोलणं स्वच्छ आणि गाणं फाटकं. 'मोठ्या आवाजालाच बिघडतं' हे लक्षण दिसलं की आधी हा कोन तपासावा. मुलीने स्वतःच 5 लिहून पुन्हा चालवलं आणि मग 75 किलोहर्ट्झचा तो दोन मार्कांचा आकडा तिला निराळा समजावून सांगावा लागला नाही.

`d` तयार झाला की लगेच आवाज काढण्याचा मोह होतो. त्याआधी त्याचा स्पेक्ट्रम पाहावा:

```python
plt.psd(d, NFFT=8192, Fs=240000)
plt.show()
```

सगळ्या प्रोजेक्टमध्ये दाखवण्यासारखं चित्र कोणतं असेल तर हे. डावीकडे शून्य ते 15 किलोहर्ट्झ हा सतत हलणारा भाग म्हणजे डावा आणि उजवा आवाज एकत्र, जो साध्या रेडिओवर ऐकू येतो. मग मोकळी जागा. तिच्यात 19 किलोहर्ट्झवर एकच ताठ, बारीक रेघ. ही पायलट टोन. प्रसारण स्टिरिओ आहे हे रेडिओला तिच्यावरून कळतं. पुढे 23 ते 53 किलोहर्ट्झमध्ये, 38 च्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला भाग म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक. आणि काही केंद्रांवर 57 किलोहर्ट्झला एक छोटा उंचवटा: आरडीएस, म्हणजे गाडीतल्या रेडिओच्या पडद्यावर केंद्राचं नाव लिहून येतं तो डेटा. पाठ्यपुस्तकात हीच आकृती चौकोनी ठोकळ्यांनी काढलेली असते. इथे ती जिवंत असते, निवेदकाच्या प्रत्येक शब्दाबरोबर डावीकडचा भाग बदलत राहतो, आणि 19 ची रेघ मात्र तसूभरही हलत नाही.

न हलणारी वस्तू मिळाली की तिच्यावरून मोजमाप करता येतं. डोंगलमधली सगळी कालगणना 28.8 मेगाहर्ट्झच्या एका क्रिस्टलवर चालते. ट्यूनर कुठे लावायचा तेही त्याच्यावरून ठरतं आणि सॅम्पल किती वेगाने घ्यायचे तेही. स्वस्त डोंगलचा क्रिस्टल दहा लाखात काही दशक भाग इतका चुकू शकतो आणि तापला की आणखी सरकतो. हा फरक दोन वेगवेगळ्या वाटांनी मोजता येतो:

```python
print(d.mean())
S = np.abs(np.fft.rfft(d, 2400000))
k = 189000 + np.argmax(S[189000:191000])
print(k / 10)
```

पहिली वाट सरासरीची. आवाज जितका वर तितकाच खाली जातो, त्यामुळे दहा सेकंदांची सरासरी जवळपास शून्य यायला हवी. नाही आली, तर जो आकडा आला तो ट्यूनरची चूक. समजा सरासरी उणे 4915 हर्ट्झ आली. 98.3 मेगाहर्ट्झच्या मानाने ती दहा लाखात 50 भाग होते; क्रिस्टल तेवढा वेगाने चालतोय, ट्यूनर त्यामुळे हवा त्यापेक्षा वर लागलाय आणि केंद्र खाली दिसतंय. दुसरी वाट त्या रेघेची. दहा सेकंदांच्या फाइलवरून वारंवारता एक दशांश हर्ट्झपर्यंत वाचता येते. क्रिस्टल 50 भागांनी वेगवान असेल तर सॅम्पलही तेवढेच दाट पडतील, आणि 19000 हर्ट्झची रेघ 18999.05 च्या आसपास, म्हणजे पडद्यावर 18999.0 किंवा 18999.1 अशी दिसेल.

दोन्ही उत्तरं एकाच क्रिस्टलची आहेत, तेव्हा ती एकाच बाजूला आणि साधारण एकाच प्रमाणात चुकलेली दिसली पाहिजेत. एक आकडा खाली आणि दुसरा वर आला, तर आधी आपला प्रोग्रॅम तपासावा. `d` च्या ओळीत `np.conj` भलत्याच काट्याला लागून चिन्ह उलटं पडलेलं असण्याचा संभव मोठा. पण या मापाला मर्यादा आहे आणि ती रिपोर्टात लिहावी. केंद्रालाही नियमाने थोडी मोकळीक असते: पायलट 19 किलोहर्ट्झपासून 2 हर्ट्झपर्यंत इकडेतिकडे चालते आणि वाहक लहर 2 किलोहर्ट्झपर्यंत. प्रत्यक्षात मोठी केंद्रं यापेक्षा बरीच काटेकोर असतात, तरी एकाच केंद्रावर विसंबू नये. त्याच डोंगलने तीन-चार केंद्रं रेकॉर्ड करून सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडावीत. सगळ्यांत समान असलेली चूक आपल्या डोंगलची, एखाद्याचीच वेगळी असलेली त्या केंद्राची. डोंगल लावल्या लावल्या एक रेकॉर्डिंग आणि वीस मिनिटांनी दुसरं घेतलं, तर क्रिस्टल तापून किती सरकला तेही कळतं. मोजलेला फरक पुढच्या वेळी `rtl_sdr` ला `-p` लावून देता येतो.

ही रेघ आणखी एका कामाला येते. यूएसबीच्या स्वस्त हबवर डोंगल लावलं तर मध्येच काही सॅम्पल गळतात. कानाला फार तर टक् असा आवाज येतो, तोही गाण्यात लपतो. पण रेघ एकच आणि बारीक दिसण्याऐवजी फाटलेली किंवा जाड दिसली, तर रेकॉर्डिंगमध्ये खंड पडलाय असं समजावं, हब काढून डोंगल थेट लॅपटॉपला लावावं आणि फाइल पुन्हा घ्यावी. अशी फाइल प्रोग्रॅमने दुरुस्त करत बसू नये.

आता आवाज. प्रसारण करताना गोंगाटावर मात करण्यासाठी केंद्र वरचे स्वर मुद्दाम चढवून पाठवतं. आपण ते तेवढेच उतरवायचे. हा चढ-उतार एका कालस्थिरांकाने ठरतो आणि तो देशागणिक वेगळा आहे: आपल्याकडे आणि युरोपात 50 मायक्रोसेकंद, अमेरिकेत 75. इंटरनेटवरचे बरेच प्रोग्रॅम अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेले असल्याने त्यांत `75e-6` असतं. ते तसंच उचललं तर उतार 3183 हर्ट्झऐवजी 2122 पासूनच सुरू होतो आणि गाणं पडद्याआडून आल्यासारखं मंद वाटतं. झांजा, टाळ यांत फरक लगेच कळतो.

```python
a = np.exp(-1 / (240000 * 50e-6))
m = lfilter([1 - a], [1, -a], d - d.mean())
h = firwin(257, 16500, fs=240000)
m = lfilter(h, 1, m)[::5][1000:]
m = m / np.abs(m).max() * 30000

from scipy.io import wavfile
wavfile.write("fm.wav", 48000, m.astype(np.int16))
```

वर ज्या `[::5]` ला नाव ठेवलं ते इथे खुशाल वापरलंय, कारण आधीच्या ओळीतल्या फिल्टरने 19 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं दाबून टाकलंय. घडी पडायला काही उरलेलंच नाही. फिल्टरला 257 गुणांक लागतात कारण 15 पर्यंतचं सगळं ठेवायचं आणि 19 ची रेघ घालवायची, म्हणजे दरम्यानच्या जेमतेम चार किलोहर्ट्झमध्ये उतरायचं. गुणांक कमी केले तर उतार पसरट होतो आणि रेघ आवाजात शिरते. चाळिशीपुढच्या परीक्षकाला ती ऐकू येणार नाही, विद्यार्थ्याला कदाचित येईल. तेव्हा कानावर न जाता `m` चा स्पेक्ट्रम काढून पाहावं. पहिले हजार सॅम्पल टाकून दिले, कारण फिल्टर भरेपर्यंतचा धक्का त्यांत असतो आणि तो राहिला तर बाकीचा आवाज त्याच्यापुढे बारीक होतो.

एवढ्यावर एका सेमिस्टरचं काम होतं. पुढे जायचं असेल तर कोणता रस्ता घ्यायचा हे स्पेक्ट्रमच सांगतो. 57 किलोहर्ट्झला उंचवटा दिसत असेल तरच आरडीएस हातात घ्यावं. त्याचा वेग सेकंदाला 1187.5 बिट, म्हणजे 57000 भागिले 48, आणि 57 म्हणजे 19 ची तिप्पट; तीच रेघ इथेही घड्याळ पुरवते. उंचवटा दिसत नसेल तर केंद्र ते पाठवत नाही किंवा आपल्यापर्यंत ते गोंगाटावर पोचत नाही, आणि दोन महिने घालवून बिट निघणार नाहीत. अशा वेळी स्टिरिओ बरा. त्यासाठी 19 ची रेघ अरुंद फिल्टरने वेगळी काढायची, तिचा वर्ग करून 38 किलोहर्ट्झची लहर मिळवायची, तिने `d` ला गुणायचं आणि 15 किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून काढायचं, की डाव्या-उजव्यातला फरक हाती येतो. बेरजेत तो मिळवला की डावा, वजा केला की उजवा. इथे फसायची जागा एकच आहे. वर्ग करून मिळणारी लहर हव्या त्या फेजपासून 90 अंश बाजूला असते, आणि तशीच वापरली तर फरकाचं उत्तर जवळपास शून्य येतं. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येत राहतो. म्हणून स्टिरिओ झालं असं म्हणण्याआधी फरकाच्या सिग्नलची ताकद छापून पाहावी, आणि ती नगण्य निघाली तर 38 किलोहर्ट्झच्या लहरीची फेज 90 अंशांनी सरकवून पुन्हा मोजावी.